जमा कोणाची आणि नावे कोणाच्या?

नवा रायपूरहून आमच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या आणि त्यांचे यजमान मिळून कार्यालयीन सामानाचे एक लहानसे दुकान चालवितात. महानदी भवन, इंद्रावती भवन अशी मोठी शासकीय कार्यालये उभी राहिल्यापासून त्या नव्या नगरीत टेबले, खुर्च्या आणि कपाटे यांना मागणी असते. मराठी वाचकांना गंमत वाटेल, की छत्तीसगढी बोलीतही 'नवा' म्हणजे नवाच. दुकानाचा पुष्कळसा माल नागपूरच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडून येतो. १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत नागपूर आणि रायपूर एकाच राज्यात होती. आज त्यांच्यामध्ये राज्याची सीमा आली असली, तरी व्यापाराचा हा जुना रस्ता मोडलेला नाही.

बाईंच्या पत्राचा मथितार्थ असा. १० जुलै २०२५ रोजी या व्यापाऱ्याने त्यांना ४० लोखंडी खुर्च्या पाठविल्या. एका खुर्चीचा भाव ३,००० रुपये. परंतु एका मागणीत ४० किंवा अधिक खुर्च्या घेतल्यास तो २,८५० रुपये, अशी अट मागणीपत्रावर लिहिलेली होती. त्याप्रमाणे बीजक २,८५० च्या भावाने झाले. ऑगस्टमध्ये १० खुर्च्या परत गेल्या. त्यांपैकी चारांचे पाय जोडणीशी निखळले होते. उरलेल्या सहा चांगल्या होत्या; परंतु ज्या कार्यालयासाठी माल मागविला होता, त्याने ऐनवेळी कमी खुर्च्या घेतल्या. यजमानांनी आपल्या बाजूने दहा खुर्च्यांची ३३,६३० रुपयांची डेबिट नोट लिहून व्यापाऱ्याला पाठविली आणि तेवढी रक्कम वजा करून बाकीचे पैसे भरले. पुढे जानेवारीत व्यापाऱ्याकडून खातेउतारा आला. त्यात ३३,६३० रुपये येणे दाखविलेले! विचारणा केली तेव्हा उत्तर मिळाले, "तुमच्या चिठ्ठीने माझ्या वहीत काही होत नाही. क्रेडिट नोट मी देईन. पण तिच्याबरोबर माझी एक डेबिट नोटही येईल." आठ वर्षांचा घरोबा आता तुटण्याच्या बेतात आहे. बाई विचारतात, "माल तर परत गेला. डेबिट नोट आम्ही लिहायची की त्यांनी? आणि माल परत घेणारा उलट आमच्याच नावे रक्कम कशी टाकतो?"

प्रश्न एका दुकानाचा असला, तरी उत्तर अनेक दुकानांच्या उपयोगी पडेल. म्हणून ते जरा सविस्तर देत आहोत.

दोन वह्या, एक घटना

आपल्या कीर्द-खतावणीत दोन साधे शब्द पूर्वापार चालत आले आहेत : जमा आणि नावे. इंग्रजीतील क्रेडिट म्हणजे जमा आणि डेबिट म्हणजे नावे. रायपूरचा मुनीमही 'जमा' आणि 'नामे' असेच म्हणेल. हे शब्द ध्यानात ठेवले की अर्धा गोंधळ आपोआप संपतो. क्रेडिट नोट ही जमाचिठ्ठी आणि डेबिट नोट ही नावेचिठ्ठी. चिठ्ठी लिहिणारा एवढेच कळवीत असतो, की "माझ्या वहीत तुमचे जे खाते आहे, त्यात मी अमुक रक्कम जमा केली आहे," किंवा "तुमच्या नावे टाकली आहे."

येथे 'माझ्या वहीत' हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. व्यापाऱ्याच्या वहीत दुकानदाराचे खाते येणेकऱ्याचे असते. माल पाठविला की रक्कम दुकानदाराच्या नावे पडते आणि पैसे आले की जमा होते. माल परत आला म्हणजे दुकानदाराकडून येणे असलेली रक्कम कमी झाली. म्हणून तीही जमेस धरतात. व्यापारी देतो ती जमाचिठ्ठी ती हीच.

आता तीच घटना दुकानदाराच्या वहीतून पाहा. तेथे व्यापाऱ्याचे खाते देणेकऱ्याचे आहे. माल आला तेव्हा बीजकाची रक्कम व्यापाऱ्याच्या खाती जमा झाली होती. माल परत केला की तेवढे देणे उतरले. म्हणून ती रक्कम व्यापाऱ्याच्या नावे टाकायची. यजमानांनी लिहिली ती नावेचिठ्ठी ही. म्हणजे एकाची जमाचिठ्ठी आणि दुसऱ्याची नावेचिठ्ठी या परस्परविरोधी गोष्टी नव्हेत. दहा खुर्च्या एकदाच परत गेल्या. त्यांची नोंद समोरासमोर ठेवलेल्या दोन वह्यांत उलट्या बाजूंना झाली, इतकेच. या एवढ्या मुद्द्यापुरते यजमानांचे काही चुकले नाही.

आकडे मांडून पाहू. दहा खुर्च्यांची बीजकाच्या भावाने किंमत २८,५०० रुपये. तीवर शेकडा १८ प्रमाणे एकात्मिक कर ५,१३० रुपये. कारण माल महाराष्ट्रातून छत्तीसगढात गेला आहे. एकूण ३३,६३० रुपये. व्यापारी आपल्या वहीत २८,५०० रुपये 'विक्री परत' या खात्याच्या नावे आणि ५,१३० रुपये देय कराच्या खात्याच्या नावे टाकील आणि ३३,६३० रुपये दुकानदाराच्या खाती जमा करील. दुकानदार ३३,६३० रुपये व्यापाऱ्याच्या नावे टाकून २८,५०० रुपये 'खरेदी परत' खात्यात आणि ५,१३० रुपये आधी घेतलेल्या करवजावटीच्या खात्यात जमा करील. दोन्ही वह्यांत सारखीच रक्कम. केवळ बाजू बदललेली.

मग दुकानदाराच्या चिठ्ठीने काम का भागत नाही?

येथे वहीच्या रिवाजाबरोबर कायदा येतो. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ याच्या ३४ व्या कलमात या दोन्ही चिठ्ठ्यांची व्यवस्था सांगितली आहे आणि आंतरराज्य व्यवहारालाही तीच लागू पडते. या कलमाप्रमाणे जमाचिठ्ठी आणि नावेचिठ्ठी, दोन्ही देणारा एकच असतो : माल पुरविणारा. बीजकात किंमत किंवा कर वास्तवापेक्षा अधिक लागला असेल, माल परत आला असेल किंवा माल सदोष निघाला असेल, तर पुरवठादाराने जमाचिठ्ठी द्यायची. बीजकात किंमत किंवा कर वास्तवापेक्षा कमी लागला असेल, तर पुरवठादारानेच नावेचिठ्ठी द्यायची. खरेदीदाराने लिहिलेल्या नावेचिठ्ठीला या कलमात स्थान नाही.

यामागचे कारण सरळ आहे. ४० खुर्च्यांच्या बीजकावरील २०,५२० रुपये कर शासनाला दाखविला तो व्यापाऱ्याने. तो कमी करावयाचा तर ज्याने दाखविला त्यानेच कमी करून दाखविला पाहिजे. व्यापारी आपल्या मासिक विवरणपत्रात, म्हणजे जीएसटीआर-१ मध्ये, जमाचिठ्ठीचा क्रमांक, दिनांक आणि रक्कम भरतो. ती नोंद मग खरेदीदाराला संगणकावर जीएसटीआर-२बी या उताऱ्यात दिसते आणि त्याने घेतलेली करवजावट तेवढ्यापुरती कमी होते. यजमानांची चिठ्ठी या मार्गात कोठेच येत नाही. ती निरुपयोगी मात्र नव्हे. माल कधी गेला, किती गेला, कोणत्या कारणाने गेला, याचा तो लेखी पुरावा आहे आणि पुरवठादाराकडे जमाचिठ्ठी मागण्याचा तो आधार आहे. तिला मागणीपत्र समजावे. फेडीची पावती समजू नये.

यजमानांनी ती फेडीची पावती समजली, आणि घोटाळा येथे झाला. व्यापाऱ्याची जमाचिठ्ठी येईपर्यंत शासनाच्या दृष्टीने मूळ बीजक पूर्ण रकमेचेच राहते. आणि कायद्यात दुसरा एक नियम आहे : बीजकाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराला करासह किंमत दिली नाही, तर न दिलेल्या भागावरील करवजावट खरेदीदाराने व्याजासह परत भरायची. १० जुलैपासूनचे १८० दिवस ६ जानेवारी २०२६ रोजी पूर्ण झाले. पण बीजकातील ३३,६३० रुपये दिलेले नाहीत आणि ते कमी झाल्याची जमाचिठ्ठीही हाती नाही. तेव्हा त्यांतील ५,१३० रुपयांच्या करवजावटीवर आज बोट ठेवता येते. खुर्च्या तर ऑगस्टमध्येच परत गेल्या होत्या. ही वजावट त्याच वेळी सोडून दिली असती, तर पुढचा व्याजाचा प्रश्नच उभा राहिला नसता.

व्यापाऱ्याची नावेचिठ्ठी कोठून आली?

आता बाईंच्या दुसऱ्या, अधिक खोचक प्रश्नाकडे वळू. माल परत आल्यावर पुरवठादार जमाचिठ्ठी देतो हे समजले. पण परतीनंतर तो नावेचिठ्ठी केव्हा देतो?

परतीमुळे, परत न गेलेल्या मालाची किंमत वाढत असेल तेव्हा. २,८५० चा भाव ४० खुर्च्यांच्या अटीवर मिळाला होता. सहा चांगल्या खुर्च्या दुकानदाराने आपल्या सोयीसाठी परत केल्या, तेव्हा मागणी ३४ खुर्च्यांची झाली आणि अट मोडली. दुकानदाराकडे राहिलेल्या ३० खुर्च्यांना प्रत्येकी ३,००० रुपये पडावयास हवे होते. बीजकात लागले २,८५०. म्हणजे खुर्चीमागे १५० रुपये कमी. ३० खुर्च्यांचे ४,५०० रुपये आणि त्यांवर कर ८१० रुपये, मिळून ५,३१० रुपये. बीजकात किंमत कमी लागली आहे आणि ती वाढविण्याचा कागद म्हणजे पुरवठादाराची नावेचिठ्ठी. व्यापाऱ्याचे म्हणणे येथवर बरोबर आहे.

परंतु एक गोष्ट बाईंनी नीट तपासावी. चार खुर्च्या सदोष निघाल्या, त्यांचा भार दुकानदारावर पडता कामा नये. समजा, सहा चांगल्या खुर्च्या परत गेल्याच नसत्या आणि फक्त चार मोडक्या परत केल्या असत्या, तर दुकानात ३६ उरल्या असत्या. चाळीसाचा आकडा तेव्हाही मोडला असता. पण तो व्यापाऱ्याच्या दोषाने. अशा वेळी सवलत काढून घेऊ, असे व्यापारी म्हणू लागला, तर ते न्यायाचे होणार नाही आणि दुकानदाराने ते मान्य करू नये. या प्रकरणात मात्र मोडक्या चार खुर्च्या हिशेबात धरूनही संख्या ३४ च होते. म्हणून सवलत गेली ती त्या सहा खुर्च्यांमुळे. सवलतीची अट कागदावर नसती आणि नुसत्या बोलण्यातली असती, तर हा वाद सुटणे कठीण होते. येथे ती मागणीपत्रावर आहे. सदोष मालाची परती या संख्येत धरायची की नाही, हेही त्याच ओळीत लिहून घ्यावे, असे आम्ही पुढच्या वेळेसाठी सुचवितो.

कोणी म्हणेल, दोन चिठ्ठ्या कशाला? ३३,६३० मधून ५,३१० वजा करून २८,३२० ची एकच जमाचिठ्ठी द्यावी. तसे करू नये. पहिली रक्कम मालाच्या परतीची आहे आणि दुसरी भावातील फरकाची. दोन्ही एकात मिसळल्या तर सहा महिन्यांनी कोणालाही सांगता येणार नाही, की दहा खुर्च्यांचे २८,३२० कसे झाले. शिवाय भावाच्या फरकाबद्दल मतभेद राहिला, तरी परतीची चिठ्ठी अडून राहण्याचे कारण नाही. प्रस्तुत प्रकरणात हेच घडले आहे. ५,३१० रुपयांच्या मतभेदापायी ३३,६३० रुपयांची जमाचिठ्ठी पाच महिने रखडली आणि दोघेही तोट्यात राहिले. दुकानदाराच्या करवजावटीवर आक्षेप येऊ शकतो. व्यापाऱ्याने परत आलेल्या मालावरचा कर भरून ठेवलेला आहे आणि तो त्याला कमी करता आलेला नाही.

ताळा

आता दोन्ही चिठ्ठ्या निघाल्या असे धरून खाते मांडू. मूळ बीजक : ४० खुर्च्या, किंमत १,१४,००० रुपये, कर २०,५२० रुपये, एकूण १,३४,५२०. यातून जमाचिठ्ठीचे ३३,६३० वजा जाता १,००,८९०. त्यात नावेचिठ्ठीचे ५,३१० मिळविले की १,०६,२०० रुपये.

हा आकडा बरोबर आहे की नाही, हे दुसऱ्या वाटेने पडताळता येते. दुकानात ३० खुर्च्या आहेत आणि भाव ३,००० रुपये. किंमत झाली ९०,०००, कर १६,२००, एकूण १,०६,२००. उत्तर जुळले. चिठ्ठ्या किती का निघेनात, शेवटी दुकानात राहिलेला माल आणि त्याचा ठरलेला भाव यांच्या गुणाकाराशी खाते जुळलेच पाहिजे. जुळले नाही, तर एखादी चिठ्ठी चुकली आहे, दोनदा लागली आहे किंवा उलट्या बाजूला पडली आहे, असे समजावे. उलट्या बाजूला पडलेली चिठ्ठी ओळखण्याची खूण अशी : दोघांच्या उताऱ्यांत चिठ्ठीच्या रकमेच्या नेमका दुप्पट फरक येतो. नोंद मुळीच झालेली नसेल, तर फरक चिठ्ठीच्या रकमेइतकाच असतो. बाईंच्या प्रकरणात तो बरोबर ३३,६३० आहे. म्हणजे व्यापाऱ्याच्या वहीत नोंद झालेलीच नाही, हे खातेउतारा पाहताच कळावयास हवे होते.

यजमानांनी आजवर १,००,८९० रुपये भरले आहेत. तेव्हा त्यांचे देणे शून्य नाही आणि व्यापारी म्हणतो त्याप्रमाणे ३३,६३० रुपयेही नाही. ते ५,३१० रुपये आहे.

आता काय करावे?

प्रथम व्यापाऱ्याला लेखी कळवावे, की परतीची जमाचिठ्ठी आधी आणि स्वतंत्र द्यावी. सोबत आपल्या नावेचिठ्ठीची आणि माल परत पाठविताना केलेल्या डिलिव्हरी चलनाची प्रत जोडावी. व्यापाऱ्याने माल उतरवून घेताना चलनावर दहा नग पोचल्याची सही केली असेल, तर तीच सर्वांत मोठी साक्ष. जमाचिठ्ठी हाती आली की तीवर पुढील गोष्टी पाहाव्यात : 'क्रेडिट नोट' असा स्पष्ट उल्लेख, तिचा स्वतःचा क्रमांक व दिनांक, दोघांची नावे, पत्ते व नोंदणी क्रमांक, १० जुलैच्या बीजकाचा क्रमांक व दिनांक, किंमत, कराचा दर व रक्कम आणि सही. मूळ बीजकाचा उल्लेख नसलेली चिठ्ठी परत करून दुरुस्त करून घ्यावी; ती कोणत्या व्यवहाराची, हे पुढे सिद्ध करीत बसावे लागते.

दुसरे काम दुकानदाराच्या स्वतःच्या हातचे आहे. परत केलेल्या खुर्च्यांवरील ५,१३० रुपयांची करवजावट त्यांनी सोडून द्यावी आणि तसे व्यापाऱ्याला कळवावे. २०२५ च्या वित्त अधिनियमाने ३४ व्या कलमात जो बदल केला, त्याप्रमाणे नोंदणीकृत खरेदीदाराने घेतलेली वजावट सोडली नसेल, तर पुरवठादाराला जमाचिठ्ठीच्या आधारे आपला कर कमी करता येत नाही. म्हणजे नुसती चिठ्ठी देऊन व्यापारी मोकळा होत नाही. दुकानदाराने आपला भाग उचलला तरच त्याचा कर उतरतो. इतके दिवस दोघेही एकमेकांची वाट पाहत बसले होते. आधी एकाने हात पुढे केला पाहिजे, आणि वजावट सोडून देणे हे तर कधीतरी करावेच लागणार आहे. पुढे ५,३१० रुपयांची नावेचिठ्ठी आली की तिच्यावरील ८१० रुपयांची नवी वजावट दुकानदाराला घेता येईल. त्यामुळे त्यांना खरोखर जादा सोसावे लागणारे पैसे ४,५०० आहेत, ५,३१० नव्हेत.

तिसरी गोष्ट तारखेची. करासहित जमाचिठ्ठी विवरणपत्रात दाखविण्याला मुदत आहे. ज्या आर्थिक वर्षात माल पुरविला, ते संपल्यानंतर येणारा ३० नोव्हेंबर किंवा व्यापाऱ्याने वार्षिक विवरणपत्र भरल्याचा दिवस, यांपैकी जो आधी येईल तो शेवटचा. जुलै २०२५ च्या बीजकासाठी ३० नोव्हेंबर २०२६ ही तारीख येते. पण व्यापाऱ्याने वार्षिक विवरणपत्र लवकर भरले, तर मुदतही लवकर संपते. त्यानंतरही तो आपसांतील हिशेबापुरती जमाचिठ्ठी देऊ शकेल. परंतु तिच्यामुळे त्याचा कर कमी होणार नाही. नावेचिठ्ठीला मात्र अशी मुदत घातलेली नाही. कारण तिने शासनाला मिळणारा कर कमी होत नाही, वाढतो.

बाईंच्या मूळ प्रश्नाचे उत्तर यावरून असे निघते. यजमानांनी नावेचिठ्ठी लिहिली, ते योग्य झाले. तिच्या भरवशावर खाते मिटले असे मानले, ते चुकले. व्यापाऱ्याने आपली नावेचिठ्ठी काढणे योग्य आहे. तिच्यासाठी जमाचिठ्ठी अडवून ठेवणे अयोग्य आहे. दोघांच्या उताऱ्यांवर १,०६,२०० हा आकडा एकदा आला, की उरतात फक्त ५,३१० रुपये. आठ वर्षांच्या व्यवहारात ते समोरासमोर बसून एका दुपारी मिटविता यावेत. बाईंनी नागपूरला जाताना मागणीपत्र, बीजक, चलन आणि आपली नावेचिठ्ठी असे चारही कागद बरोबर न्यावेत.